थायरॉईडची गोळी चालू असताना केसांना रंग: दोष गोळीचा की केसाचा, आणि कलर कसा करायचा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा पंधरवडा म्हणजे आमच्या जळगावच्या पार्लरमध्ये बसायला जागा नसते. माहेरी जायचं असतं, झोके बांधलेले असतात, वर्षाने मैत्रिणी भेटणार असतात, म्हणून मुळं रंगवून घ्यायला सगळ्या एकदम येतात. अशाच गर्दीत अमळनेरच्या एक शिक्षिका आल्या. वय अठ्ठेचाळीस. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, आते मना केस रंग धरतंच नही. थायरॉईडनी गोयी चालू से ना, त्यामुये."

पुढे त्यांनी जे सांगितलं त्याने मी हातातला ब्रश खाली ठेवला. कलर नीट बसावा म्हणून त्यांनी आठ दिवस गोळी बंद ठेवली होती. डॉक्टरांना न विचारता.

हा लेख त्या एका प्रसंगावरून लिहिते आहे, कारण हाच प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. थायरॉईड, पाळी जाण्याचं वय, बाळंतपण, वर्षानुवर्षं चालणारी औषधं, यांनी केसांचा रंग धरण्याचा गुण बदलतो का? बदलतो, पण बहुतेकींना वाटतं त्या मार्गाने नाही. आणि जे बदलतं ते ओळखता आलं तर कलर नीट बसवता येतो.

आधी केस कुठला ते बघा

डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस मेलेला असतो. त्यात रक्त फिरत नाही, म्हणून आज घेतलेली गोळी त्या केसापर्यंत पोचतच नाही. थायरॉईडचा परिणाम होतो तो कातडीखाली, केस तयार होत असताना. तिथे जसा केस बनला तसाच तो बाहेर येतो आणि कापून टाकेपर्यंत तसाच राहतो. गोळी आठ दिवस बंद ठेवल्याने बाहेरच्या केसात काडीचाही फरक पडत नाही. तब्येतीवर मात्र पडतो. त्या दिवशी त्यांना मी पहिली हीच गोष्ट सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोळी पुन्हा सुरू करून डॉक्टरांना फोन करायला लावला.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे साधी मोजपट्टी घेतली तर केसावर तुमच्या आजाराचा कालक्रम ढोबळमानाने वाचता येतो. बाईंना गोळी दिवाळीत सुरू झाली होती, आणि आखाजीपर्यंत सहा महिने झाले होते. म्हणजे कातडीपासून पहिले सहा सेंटिमीटर हे गोळी चालू असतानाचे. त्यापुढचे सात-आठ सेंटिमीटर थायरॉईड कमी पडत होता, पण कोणाला माहीत नव्हतं, त्या काळातले. त्याच्याही पुढचे त्याआधीचे. मी एक बट कानामागून घेतली, दोन बोटांच्या चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटं ओढली. मधल्या पट्ट्यात केस खरखरीत लागला, जणू बोटाला अडकतोय. मुळाशी तो पुष्कळ बरा होता.

हे मोजमाप अंदाजाचंच आहे. सगळे केस एकाच दिवशी उगवत नाहीत, आणि मधला भाग जुन्या कलरने, उन्हाने, कंगव्यानेही खरखरीत होतो. तरी कुठे काय लावायचं हे ठरवायला ही पट्टी फार उपयोगी पडते.

आजाराने केसात काय बदलतं

कायमचा कलर कसा बसतो हे दोन वाक्यांत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. क्रीममधला अमोनिया किंवा त्याच्यासारखा क्षार केसावरचे खवले उचलतो, रंगाचे अगदी बारीक कण आत जातात, आणि क्रीममध्ये मिसळायच्या डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साईडने ते आतल्या आत जुळून मोठे होतात, म्हणून धुतल्यावर बाहेर येत नाहीत. म्हणजे खवले किती उघडतात आणि आत किती जागा आहे यावर सगळं अवलंबून आहे.

थायरॉईड कमी पडतो तेव्हा केस कोरडा, जाड पोताचा आणि ठिसूळ होतो. कातडीतून तेलही कमी सुटतं. असे खवले खडबडीत आणि अर्धवट उघडेच असतात. मग रंग भराभर आत शिरतो, गरजेपेक्षा गडद दिसतो, आणि तितक्याच लवकर धुऊन निघतो. बायकांना जे "रंग धरत नाही" वाटतं ते लांबीमधल्या केसांत बऱ्याच वेळा असं असतं: रंग बसलेला असतो, टिकत नाही.

थायरॉईड जास्त असेल तर केस बारीक आणि मऊ होतो. बारीक केसाला रंग लवकर लागतो, म्हणून तिथे घड्याळाकडे बारीक लक्ष ठेवावं लागतं. त्याच शेडमध्ये तो एक पायरी गडद दिसू शकतो.

पांढऱ्या केसाची तक्रार वेगळीच असते. पांढरा केस बऱ्याचदा राठ असतो, खवले घट्ट मिटलेले असतात, आणि आत स्वतःचा रंग नसल्यामुळे सगळं काम कलरलाच करावं लागतं. पाळी जायच्या सुमाराला पांढरे केस वाढतात आणि डोक्याचं तेलही कमी होतं, म्हणून थायरॉईड आणि हे वय एकत्र आलं की एकाच डोक्यावर दोन उलट तक्रारी दिसतात. कानशिलाजवळचे पांढरे केस रंग घेत नाहीत, आणि टोकं मात्र कोळशासारखी काळी होतात. बाईंचं नेमकं असंच झालं होतं. गोळीने पांढरा केस परत काळा होईल अशी आशा धरू नका, तसं सहसा होत नाही.

बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस झपाट्याने गळतात. थायरॉईडचा डोस नवा असतानाही पहिल्या काही महिन्यांत गळती होऊ शकते. अशा वेळी कलर धुताना हातात केसांचा पुंजका आला की कलरने केस जळले असं वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे. गळलेला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरा ठिपका, मुळाची गाठ दिसली तर तो मुळापासून सुटला आहे, त्याची वेळ झाली होती, कलरशी त्याचा संबंध नाही. ठिपका नसेल आणि केस आखूड, मधेच तुटलेला असेल तर केस कमकुवत आहे. तुटणाऱ्या केसावर शेड उजळण्याचा प्रयत्न करू नका.

औषधांपैकी कोणती खरंच केसाला हात लावतात

बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांच्या रोजच्या गोळ्यांमुळे कलर बसत नाही असं मला कधी दिसलं नाही, तरी सगळ्यात जास्त दोष त्यांनाच दिला जातो. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉईन, सोरायसिसवरचं ॲसिट्रेटिन यांनी केस आणि कातडी दोन्ही कोरडी पडतात. अशा डोक्याला कलरची आग जास्त होते. मिथोट्रेक्सेट, फिटवरचं व्हॅल्प्रोएट यांनी केस पातळ होऊ शकतात. केसाचा स्वतःचा रंगच बदलणारी औषधं मोजकी आहेत. क्लोरोक्वीन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने केस फिके होतात, पण ते मुख्यत्वे जात्याच फिक्या केसांत, आपल्याकडच्या काळ्या केसांत क्वचितच. कॅन्सरच्या सुनिटिनिबसारख्या काही गोळ्यांनी मात्र केसात पांढरे पट्टे येतात. औषध चालू असतानाचा केस पांढरा, बंद असतानाचा काळा, असे आळीपाळीने. ही गोष्ट वर सांगितलेल्या मोजपट्टीचा सर्वात स्पष्ट पुरावा आहे.

गळतीमुळे कित्येक जणी मिनॉक्सिडिलचं पाणी लावतात. त्याने कातडी चुरचुरते, आणि त्याचा चिकट थर कलरच्या मधे येतो. आदल्या दिवशी लावू नका, कलरआधी डोकं धुतलेलं असू द्या, आणि कलरनंतर कातडी शांत झाल्यावर, निदान एक दिवसाने, पुन्हा सुरू करा.

दोन गोष्टी मात्र फार महत्त्वाच्या आहेत, त्या निवांत वाचा.

पहिली, प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉईडची गोळी चालू असेल तर पॅच टेस्ट, म्हणजे कलर आधी थोड्या कातडीवर लावून बघणं, फसवी ठरू शकते. कलरमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी उशिरा उठणारी असते आणि स्टिरॉईड ती दाबून ठेवतं. टेस्ट स्वच्छ येते, आणि पुढे गोळी कमी झाल्यावर तोच कलर डोळे सुजवतो. दम्याच्या, सांधेदुखीच्या किंवा त्वचेच्या पेशंटला हे मी आवर्जून विचारते.

दुसरी, केसगळतीसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या. त्या केसाच्या रंगाला काही करत नाहीत, पण थायरॉईडच्या रक्तचाचणीचा आकडा बिघडवू शकतात. काही लॅबची पद्धत अशी असते की बायोटिन जास्त असेल तर टीएसएच खोटा कमी दिसतो. मग डॉक्टरांना डोस जास्त झालाय असं वाटून तो कमी होऊ शकतो, आणि केस पुन्हा कोरडे. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायचं का, ते डॉक्टरांना विचारा, आणि घेत असाल तर लॅबमध्येही सांगा. बाई घेत होत्या, आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

उलटा प्रश्नही विचारला जातो: कलरने थायरॉईड बिघडतो का? कलरमध्ये रिसॉर्सिनॉल नावाचा घटक असतो, आणि तो मोठ्या प्रमाणात शरीरात गेला तर थायरॉईडचं काम मंदावतं. पूर्वी पायाच्या उघड्या जखमांवर रिसॉर्सिनॉलचं मलम महिनोन्‌महिने लावणाऱ्या लोकांना तसा त्रास झाल्याची नोंद आहे. कलरमध्ये त्याचं प्रमाण कमी असतं (युरोपात डोक्यावर जाणाऱ्या मिश्रणात १.२५ टक्क्यांहून जास्त चालत नाही), वेळ थोडा असतो, आणि अखंड कातडीतून फारच थोडं आत जातं. म्हणून मी घाबरवत नाही, पण डोक्यात जखम, खरचटलेलं किंवा चिघळलेलं असेल तर कलर करत नाही.

आता कलर: बाईंच्या डोक्यावर मी काय केलं

त्या दिवशी मी कलर केलाच नाही. आखाजीला पाच दिवस होते, तेवढे पुरले.

पहिल्या दिवशी विचारपूस. घरी काय लावलं होतं? दोन वेळा 'काळी मेहंदी'. नावात मेहंदी असली तरी काळ्या पुड्यांत सहसा पीपीडी असतं, आणि काहींत धातूचे क्षारही. साधी मेहंदीसुद्धा केसावर थर देते, त्यामुळे वरचा कलर ठिकठिकाणी वेगळा बसतो. धातू असेल तर पेरॉक्साईड लागल्यावर केस तापून तुटू शकतो. म्हणून कंगव्यात आलेले आणि टोकाचे कापलेले थोडे केस काचेच्या वाटीत घेतले, त्यावर ३० मि.ली. ६ टक्क्यांचा डेव्हलपर आणि २० थेंब अमोनिया टाकला, आणि अर्धा तास बाजूला ठेवला. वाटी गरम झाली, बुडबुडे आले, घाण वास सुटला तर समजावं की धातू आहे, आणि ते केस कापले जाईपर्यंत पेरॉक्साईडचा कलर वर्ज्य. हे खिडकीजवळ करा, वाटीवर वाकून बघू नका. बाईंच्या केसांत असं काही झालं नाही.

पाणी विचारलं. बोअरचं. बादलीच्या काठाला पांढरा थर, साबणाला फेस नाही. आमच्या भागात बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे, आणि त्यातला चुना केसावर बसतो, मग मुळं रंग घेत नाहीत आणि टोकं खरखरीत होतात. थायरॉईडवर ढकललेल्या तक्रारींपैकी निम्म्या इथे सुटतात असा माझा अनुभव आहे. त्यांना ईडीटीए असलेला खनिज काढणारा शाम्पू दिला: कलरच्या आदल्या दिवशी एकदा, तीन मिनिटं केसात ठेवून, आणि शेवटचं पाणी जारचं, दोन तांबे. त्यानंतर तेल नाही, सिरम नाही.

त्याच दिवशी पॅच टेस्ट. कानामागे, रुपयाच्या नाण्याएवढी जागा, डब्यावर सांगितल्याप्रमाणे कलर लावून ४८ तास. खाज, लाली, पुरळ, सूज, काहीही उठलं तर तो कलर नाही. काळी मेहंदी आधी सोसली म्हणून ही टेस्ट टाळू नका. पीपीडीची ॲलर्जी वर्षांनीही होते.

तिसऱ्या दिवशी बटेची टेस्ट, आणि ही सगळ्यात उपयोगाची आहे. एक बट कानशिलाजवळच्या पांढऱ्या केसांची, एक मागच्या मानेजवळची, प्रत्येकी शेवयांच्या जुडीइतकी पातळ. नॅचरल सिरीजमधला ४ नंबर, ६ टक्के डेव्हलपर. पांढरे झाकायचे असतील तर नॅचरल सिरीजच मूळ घ्यावी, नुसत्या लालसर किंवा सोनेरी शेडने पांढरे पारदर्शक दिसतात. दर दहा मिनिटांनी कापसाने थोडा कलर पुसून बघत गेले. मानेजवळची बट २० मिनिटांत तयार. कानशिलाची ३० मिनिटांनी पिवळट तपकिरी, ४५ मिनिटांनी बरी, पण तरी दोन-चार केस चमकत होते. कानशिलाची दुसरी बट मी आधी मऊ केली, म्हणजे नुसता ६ टक्के डेव्हलपर दहा मिनिटं, मग टॉवेलने कोरडी पुसून कलर, आणि ती ३५ मिनिटांत नीट झाकली गेली.

या तीन बटांनी मला संपूर्ण बेत दिला. कुणाच्याही केसाचा बेत मी गोळीच्या नावावरून ठरवत नाही. एकच गोळी घेणाऱ्या दोघींचे केस सारखे नसतात, पण बट खोटं बोलत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या आल्या. वेळ मुद्दाम सकाळची घेतली. आखाजीच्या दिवसांत इथे पारा ४४-४५ वर जातो आणि दुपारी आमच्या दुकानात कूलर सुसाट चालू असतो. कूलरचा वारा थेट डोक्यावर आला की क्रीम पंधरा मिनिटांत सुकतं, आणि सुकलेलं क्रीम काम करत नाही. बाई घरी कूलरसमोर बसून कलर लावायच्या. त्यांचं कानशील सगळ्यात आधी सुकायचं, आणि लावायचंही ते शेवटी, आरशात पुढचं नीट करून झाल्यावर. म्हणजे सर्वात हट्टी केसांना सर्वात कमी वेळ. थंडीत याच्या उलट होतं. पौषात पहाटे दहा अंशांच्या खाली गेलेल्या खोलीत कलर हळू बसतो, आणि लोक ठरलेली मिनिटं मोजून धुऊन टाकतात. एकाच डब्याचे मे आणि जानेवारीत वेगळे रंग दिसले तर आधी खोलीकडे बघा.

क्रम असा ठेवला. कपाळाच्या कडेला आणि कानाला व्हॅसलीन. दोन्ही कानशिलं आणि कपाळावरची कड, एवढ्याच जागी डेव्हलपर ब्रशने, दहा मिनिटं, कोरड्या टॉवेलने पुसून. मग ३० ग्रॅम क्रीम आणि ३० मि.ली. डेव्हलपर, कारण त्या कंपनीचं प्रमाण एकास एक होतं. तुमच्या डब्यावर एकास दीड असेल तर तेच घ्या, मनाने बदलू नका. पहिला ब्रश कानशिलांवर, मग भांग, मग मागची मान. पाव इंचाचे गॅप घेत, मुळावर क्रीम भरगच्च, केस दिसणार नाही इतकं. लावून पूर्ण झाल्यावर घड्याळ सुरू केलं आणि ३५ मिनिटं धरली. वीस मिनिटांनी कानशिलावरचं क्रीम कोरडं वाटलं तर त्यावर पाणी शिंपडू नका, राखून ठेवलेलं क्रीम वरून लावा. कूलर दुसऱ्या दिशेला, डोक्यावर प्लास्टिकची सैल टोपी.

लांबीच्या केसाला कायमचा कलर लावलाच नाही. टोकाकडचा भाग आधीच काळाभोर होता, आणि कलरवर कलर चढवून तो फिका होत नाही, नुसता आणखी गडद होतो. सगळ्यात मोठी चूक इथे होते. दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत तेच क्रीम ओढलं जातं, आणि कोरडा भाग ते अधाशासारखं पितो. बाईंच्या मुळाच्या नव्या रंगाला आणि काळ्या टोकाला जोडणारा मधला भाग फिका पडला होता, तेवढ्याच चार बोटांच्या पट्ट्यावर अमोनिया नसलेला, एक पायरी हलका, ५ नंबरचा कलर ३ टक्के डेव्हलपरमध्ये शेवटची आठ मिनिटं फिरवला. छिद्राळ केस एक पायरी गडद दाखवतो म्हणून शेड एक पायरी हलकी.

धुताना कोमट पाणी. आधी थोडं पाणी घेऊन डोक्यावर क्रीम दोन मिनिटं फेसाळलं, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, आंबटसर पीएचचा कंडिशनर लांबीला. पहिला शाम्पू तीन दिवसांनी.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोटो आला. कानशिलं टिकली होती. त्यांच्या पूर्वीच्या तक्रारीत थायरॉईडचा वाटा होता, पण तो एका पट्ट्यापुरता: मधल्या खरखरीत केसाचा. बाकी चुना, काळी मेहंदी, कूलर, आणि कानशिलाला मिळालेला अपुरा वेळ.

पुढच्या वेळी काय बदलतं

डोस बदलला की डॉक्टर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतात. केस त्याहून मागे असतो. रिपोर्ट नॉर्मल आला त्या दिवशी केस नॉर्मल होत नाही, त्यानंतर उगवलेला होतो. म्हणून कलरचं माप मी दर तीन महिन्यांनी एका बटेवर पुन्हा तपासते, आणि वहीत तारखेसह लिहिते: मूळ किती सेंटिमीटर, पांढरे कुठे, किती मिनिटं, खोली गरम की गार, डोस बदलला का, कोणतं नवीन औषध. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर. गळतीसाठी लोह सुरू केलेल्या बऱ्याच जणी दोन्ही एकत्र घेतात, मग थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही आणि केस कोरडा तो कोरडाच. वहीत मी हेही विचारून लिहिते.

श्रावणात कानबाईच्या सणाआधी बाई पुन्हा आल्या. मुळं साडेतीन सेंटिमीटर. मानेजवळची बट पूर्वीसारखी वीस मिनिटांत न होता पंचवीस मिनिटांत झाली. तिथला केस आता कमी कोरडा होता, रंग घाईने पीत नव्हता. कानशिलाला दहा मिनिटं मऊ करणं तसंच ठेवलं, कारण पांढरे केस पांढरेच होते आणि हट्टही तोच.

दिवाळीला मी त्यांच्या काळ्या टोकांपैकी तीन बोटं कापली. त्यांनीच सांगितलं, "तेवढं काढून टाका ताई, ते मागलं वरिस से."